गिऱ्हाइकाला आधी तराजू दाखवा

*नमस्कार ताई,*

*वेंगुर्ल्याजवळ आमचा छोटा काजू कारखाना आहे. हंगामात चौदा-पंधरा बायका कामाला असतात. मी आणि माझी बायको मिळून सगळं बघतो. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर देतात, पण नवीन माणूस पैसे पाठवायला बिचकतो. दुकानात काजू दोनशे रुपयांनी स्वस्त मिळतो, तुमचा महाग का, खरंच कोकणातला आहे का, असं विचारतात. कारखान्याच्या आतले व्हिडिओ करा असं मुलगी म्हणते. एकाने ड्रोन आणि संगीत लावून जाहिरात करून देतो म्हणून मोठा आकडा सांगितलाय. नेमकं काय दाखवावं? पावसाळ्यानंतर आम्ही आफ्रिकेची बीपण घेतो. ते दाखवू नका, असं भावाचं म्हणणं आहे. बायका कॅमेऱ्यासमोर यायला तयार नाहीत.*

*— एक काजू कारखानदार*

नमस्कार,

ड्रोनचे पैसे वाचवा. माडांवरून फिरणारा कॅमेरा बघून तुमच्या गिऱ्हाइकाला कोकण आवडेल, पण ते त्याला आधीच आवडतं. तो अडलाय पैसे पाठवायच्या बटणावर, आणि त्या क्षणी त्याच्या मनात काय असतं ते तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिहिलेलं आहे. गेल्या हंगामाचे निरोप उघडा आणि ऑर्डर देण्याआधी लोकांनी विचारलेले प्रश्न वहीत उतरवून काढा. माझा अंदाज आहे की फिरून फिरून तीनच प्रश्न निघतील: दाणा सांगितला तेवढाच मोठा येणार का, एवढा महाग का, आणि माल नक्की कुठला. एका प्रश्नाला एक व्हिडिओ करा. कारखान्याची सफर घडवणारा पाच मिनिटांचा व्हिडिओ कोणी शेवटपर्यंत बघत नाही आणि त्यातून एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

पहिला व्हिडिओ दाण्याच्या आकाराचा करा. तो सगळ्यात सोपा आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोगाचाही. तुम्ही पाकिटावर डब्ल्यू-३२० लिहिता, गिऱ्हाईक तो आकडा वाचतं, पण त्याचा अर्थ त्याला कोणी सांगितलेला नसतो. एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अख्खे पांढरे दाणे बसतात तो ३२० चा माल. २४० च्या मालात एका पौंडाला २२० ते २४० दाणे. आकडा जेवढा लहान, दाणा तेवढा मोठा. हे तुम्हाला पाठ आहे, पण पुण्यातल्या बाईंना हे पौंडाचं गणित नको, त्यांच्या हातातल्या पाकिटाचं गणित हवं. पाव किलोच्या पाकिटात ३२० चे दाणे साधारण १६५ ते १७६ भरतात, आणि २४० चे १२१ ते १३२. आता कोणी ४५० चा बारीक माल ३२० म्हणून विकला, तर त्याच पाव किलोत सव्वादोनशेच्या आसपास दाणे निघतील. घरी बसून मोजता येईल अशी ही गोष्ट आहे, आणि म्हणूनच ती दाखवण्यासारखी आहे.

व्हिडिओ असा घ्या. टेबलावर तराजू ठेवा आणि त्यावरचा वजनमाप खात्याचा शिक्का आधी जवळून दिसू द्या. रिकामं पाकीट ठेवून तराजू शून्यावर आणा. मग विक्रीसाठी भरून ठेवलेल्या पाकिटांतून एक उचला. कोणतं उचलायचं ते तुम्ही ठरवू नका. कॅमेरा सुरू असताना एखाद्या गिऱ्हाइकाला फोन लावून खोक्यातला नंबर विचारलात तर फारच छान. पाकीट फोडा, वजन दाखवा, आणि दहा-दहाच्या ओळी मांडत दाणे मोजा. इथे कापाकापी करायची नाही. मोजणी सुरू झाल्यापासून शेवटचा दाणा मांडेपर्यंत कॅमेरा बंद होता कामा नये, कारण मध्ये एक जरी जोड दिसला तरी बघणाऱ्याला वाटतं की तिथेच काहीतरी बदललं. दोन-तीन मिनिटं लागतील. ती जलद चालवून दाखवली तरी हरकत नाही, फक्त घड्याळ चौकटीत राहू द्या म्हणजे सलगपणा कळतो.

मोजताना एखादा फुटका दाणा निघेल, एखादी पाकळी निघेल. ती बाजूला लपवू नका. अख्ख्या मालात शंभरात पाचेक दाणे फुटके चालतात हे व्यापारात सगळ्यांना माहीत असतं, तेच तोंडाने सांगा आणि फुटके वेगळे मोजून आकडा बोला. दोन पाकळ्यांचा एक दाणा धरला तर तसंही सांगा. एकही फुटका नसलेला व्हिडिओ पाठवलात आणि गिऱ्हाइकाच्या पाकिटात सहा निघाले, तर तक्रार सहा दाण्यांची राहत नाही, तुमच्या शब्दाची होते. शेवटी एवढंच म्हणा: "तुमचं पाकीट आलं की तुम्हीपण मोजा आणि मला आकडा कळवा." काही जण खरंच मोजतात आणि फोटो पाठवतात. ते फोटो त्यांना विचारून पुढच्या माणसाला दाखवा.

दुसरा व्हिडिओ दराचा. "महाग का" या प्रश्नाला मजुरी वाढली, वीज वाढली असं तोंडी उत्तर दिलं की ते रडगाणं वाटतं. एका गोणीचा प्रवास दाखवा. ४० किलो वाळवलेली बी तराजूवर ठेवा आणि गोणीला लॉट नंबरची चिठ्ठी बांधा. एक पाटी करा, तिच्यावर लॉट नंबर आणि तारीख खडूने लिहा, आणि प्रत्येक टप्प्यावर ती पाटी चौकटीत असू द्या. काम दोन-तीन दिवस चालतं, त्यामुळे इथे सलग चित्रण शक्य नाही. पाटी आणि वजन हेच दोन दुवे बघणाऱ्याला एका दिवसातून दुसऱ्या दिवसात घेऊन जातात.

पहिल्या दिवशी बॉयलरमधून वाफवलेली बी बाहेर येते ते आठ-दहा सेकंद. रात्रभर निवल्यावर दुसऱ्या दिवशी कटिंग: पायाने दाबायचं कटर, टरफल दुभंगतं आणि सालीसकट गर बाहेर येतो. मग त्या गोणीच्या टरफलांचा ढीग तराजूवर चढवा. हा या व्हिडिओचा गाभा आहे, कारण शहरातल्या बहुतेक माणसांनी काजूचं टरफल कधी बघितलेलंच नसतं. ४० किलोतले साधारण २८ किलो इथेच जातात. मग ड्रायर. ७० अंशांच्या आसपास सहा-आठ तास गर तापल्यावर साल सुटते. ड्रायरमध्ये जाण्याआधीचा एक दाणा बोटांत चोळून दाखवा, साल चिकटून राहील. बाहेर आलेला चोळा, साल भुग्यासारखी झडेल. तोच दाणा मधोमध मोडा. नीट वाळलेला टक्कन तुटतो, ओलसर राहिलेला वातड होऊन वाकतो आणि पुढे महिन्याभरात खवट होण्याच्या वाटेवर असतो. फोन अगदी जवळ धरा म्हणजे तो आवाज येईल. त्यावर संगीत टाकू नका. हे गिऱ्हाइकाला आपल्या घरात करून बघता येतं, आणि एकदा शिकलं की ते दुकानातला काजूही मोडून बघायला लागतं.

शेवटी सोललेला गर तराजूवर. सुमारे दहा किलो भरेल, उरलेले दोन किलो साल आणि उडून गेलेला ओलावा. गावठी झाडांची मिसळ असेल तर चार किलोला एक किलो हा हिशेब धरायला हरकत नाही. वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ सारख्या कलमांची निवडक बी असेल तर उतारा त्याहून बरा येतो आणि दाणाही मोठा मिळतो. तुमचा आकडा जो येईल तो तसाच दाखवा, माझा नको. मग त्या दहा किलोंचे ढीग करा: अख्खे, पाकळी, तुकडा, डागी. समजा अख्खे सात किलो निघाले. बी किलोला १५० रुपयांनी घेतली असं धरलं तर गोणीचे ६,००० रुपये झाले, म्हणजे नुसत्या कच्च्या मालाचेच गराच्या किलोमागे ६०० रुपये. पाकळी आणि तुकडा कमी दराने जातो, त्यामुळे अख्ख्या सात किलोंवर त्याचा भार पडतो. एवढा हिशेब पाटीवर लिहून दाखवा आणि थांबा. मजुरी, जळण, पाकीट, कुरिअर हे एका वाक्यात सांगितलं तरी पुरतं, कारण मधला आकडा डोळ्यांनी बघितलेल्या माणसाला पुढचा पटवून द्यावा लागत नाही. दुकानदार स्वस्त कसा देतो यावर मात्र काही बोलू नका. त्याचा माल वेगळ्या आकाराचा असेल, जुना असेल किंवा त्याने घाऊक घेतलेला असेल. तुम्हाला ते माहीत नाही, आणि दुसऱ्याच्या मालावर घेतलेला संशय शेवटी तुमच्याच व्हिडिओला चिकटतो.

ही गोणी निवडताना एक मोह टाळा. सगळ्यात चांगली बी शोधून तिचा व्हिडिओ करावासा वाटेल. नेहमीचीच गोणी घ्या. वर्षभर लोक त्या व्हिडिओशी आपलं पाकीट ताडून बघणार आहेत.

आता आफ्रिकेच्या बीबद्दल. तुमच्या भावाचं म्हणणं मी समजू शकते, पण इथे मी ठामपणे उलट सांगते. आयव्हरी कोस्ट, टांझानिया इथून येणारी बी भारतातले कितीतरी कारखाने वापरतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गैर आहे ते ती बी वेंगुर्ल्याच्या नावाखाली विकणं. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे आणि ते चिन्ह पाकिटावर किंवा व्हिडिओत लावायचं तर त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून तुमची नोंदणी झालेली हवी, आणि मालही त्या भागातलाच हवा. नोंदणी नसेल तर ते चिन्ह मागच्या भिंतीवरसुद्धा दिसू देऊ नका.

त्यामुळे तिसऱ्या व्हिडिओसाठी, म्हणजे माल कुठला या प्रश्नासाठी, दोन लॉट ठेवा आणि दोन्ही दाखवा. स्थानिक बीचा व्हिडिओ मार्च ते मे एवढ्यातच होऊ शकतो, म्हणून तो आधी उरका. बोंडू पिकून खाली पडलेला, त्यातून बी पिरगळून काढणारे हात, अंगणात वाळत घातलेली बी, आणि तुमच्या दारात गोणी उतरताना तिचं वजन. बागायतदाराचं नाव त्याची हरकत नसेल तर सांगा, नाहीतर गावाचं नाव पुरे. खरेदीच्या वेळी तुम्ही मूठभर बी कापून बघता ना, तेही घ्या: आत भरलेला गर कोणता, सुरकुतलेला कोणता, कीड लागलेला कोणता. ती बी बादलीभर पाण्यात टाकलीत तर पोकळ आणि अपुरी भरलेली वर तरंगताना दिसते. कॅमेऱ्याला हे फार चांगलं दिसतं आणि समजवावं लागत नाही.

आणि पावसाळ्यानंतर बाहेरची बी आली की तशाच साध्या आवाजात सांगा: "ही बी टांझानियाची, प्रक्रिया आमच्याकडे झालेली, दर एवढा." दोन्ही गर शेजारी-शेजारी ठेवून फरक दाखवा. काही गिऱ्हाइकं स्वस्त म्हणून हाच माल मागतील आणि स्थानिक माल सणासुदीला घेतील. उलट नोव्हेंबरात ताज्या बोंडूंचा व्हिडिओ टाकलात, तर आजोळ कोकणात असलेला एखादा माणूस लगेच विचारेल की या दिवसांत बोंडू आला कुठून. जुनं चित्रण वापरायचं असेल तर त्यावर महिना आणि वर्ष लिहा.

बायकांच्या नकाराबद्दल सांगायचं तर तो नकार मान्य करा आणि पुन्हा पुन्हा विचारू नका. तुमच्या कामाला चेहरे लागतच नाहीत, हात लागतात. पण हातांबाबत आधी एक गोष्ट बघा. टरफलातलं तेल कातडी जाळतं. कटिंगला बसलेल्या बायका हाताला तेल-राख लावून काम करत असतील, बोटं काळी पडलेली असतील, तर कॅमेरा लावायच्या आधी हातमोजे आणा आणि ते घालून काम जमतं का ते त्यांनाच विचारून बघा. जाड मोज्यात गर काढता येत नाही अशी तक्रार नेहमी येते, म्हणून दोन-तीन प्रकारचे आणून त्यांनाच निवडू द्या. नुसते चित्रणापुरते मोजे घातले तर ते लगेच ओळखू येतात. मोजे कोरे करकरीत असतात आणि हात अडखळतात. शिवाय त्या बायका हे गावात सांगणार, आणि ते योग्यच आहे. सोलाई आणि निवडीच्या टेबलावर डोक्याला टोपी, हातात बांगडी-अंगठी नाही, एवढं रोजचं असेल तरच ते टेबल दाखवा. नसेल तर महिनाभर थांबा. हात दाखवायलाही प्रत्येकीची परवानगी घ्या. झालेला व्हिडिओ पाठवण्याआधी त्यांना दाखवा आणि कोणी नंतर नको म्हणाली तर तेवढा भाग काढून टाका.

चित्रणाचं तंत्र थोडक्यात सांगते. फोन तिपाईवर ठेवा आणि उजेड खिडकीतून बाजूने येऊ द्या. पिवळ्या दिव्याखाली पांढरा गर करपलेला दिसतो. उलट फोन आपल्या मनाने रंग सुधारतो तेव्हा हस्तिदंती दाणा दुधासारखा पांढरा होतो, मग पाकीट उघडल्यावर गिऱ्हाइकाला वाटतं माल बदलला. म्हणून प्रत्येक चित्रात दाण्यांशेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवा. कागद पांढरा दिसला तर दाण्याचा रंगही बराचसा खरा आहे. रंग उजळवणारे फिल्टर अजिबात नकोत. बॉयलरजवळ लेन्सवर वाफ धरते, तिथे चार पावलं मागे उभं राहा आणि चित्रणाआधी काच पुसा. कटरचा आवाज मोठा असतो, त्यावर बोलायचा प्रयत्न करू नका. आवाज नंतर शांत खोलीत घ्या. तो तुमचा किंवा तुमच्या बायकोचाच असू द्या, मालवणी वळण असलेला, जसा फोनवर बोलता तसाच. गिऱ्हाईक ऑर्डरसाठी फोन करेल तेव्हा त्याला तोच आवाज ऐकू यायला हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला की दाबला जातो आणि तराजूचे आकडे पुसट होतात. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आकडे वाचता येतील.

हे तीन झाले की चौथा व्हिडिओ ठरवून करायचा नसतो, तो तक्रार आली की होतो. त्याची तयारी मात्र आजपासून करा. प्रत्येक लॉटचं एक पाकीट विक्रीतून बाजूला काढा, त्यावर लॉट नंबर आणि तारीख लिहा आणि विकायचा माल ठेवता तशाच जागी ठेवा, फ्रिजमध्ये नको. कोणी "काजू खवट लागतोय" म्हणालं, तर त्याच्या पाकिटावरचा लॉट नंबर विचारा आणि ठेवणीतलं पाकीट कॅमेऱ्यासमोर फोडा. दाणा मोडा, वास घ्या, चावून बघा आणि जे आहे ते सांगा. तुमच्याकडचाही खवट निघाला तर लॉटमध्येच दोष आहे. ड्रायरमध्ये ओलावा राहिला असेल किंवा पाकिटाची सील नीट बसली नसेल. त्या लॉटची पाकिटं घेतलेल्या सगळ्यांना कळवा आणि माल बदलून द्या. तुमच्याकडचा चांगला निघाला, तर पाकीट गॅसजवळ किंवा उन्हात राहिलं होतं का, उघडल्यावर डब्यात भरलं होतं का, हे नीट विचारा, आणि तरीही एकदा बदलून द्या. दोन्ही वेळी व्हिडिओ आधी त्या एकाच माणसाला पाठवा. त्याने हो म्हटलं तरच बाकीच्यांना दाखवा, आणि तेव्हाही त्याचं नाव आणि नंबर झाकून.

यासाठी पाकिटावरचा लॉट नंबर ठळक छापलेला हवा. कायद्याने तो असावाच लागतो, पण बरेच जण इतका बारीक छापतात की चष्मा लावूनही वाचता येत नाही. पुढच्या छपाईत तो मोठा करून घ्या, शेजारी फूड लायसन्सचा चौदा आकडी नंबर स्पष्ट येऊ द्या, आणि पाटीवर खडूने लिहिता तोच लॉट नंबर पाकिटावर जातोय ना, हे भरणीच्या वेळी तुमच्या बायकोला रोज ताडून बघायला सांगा.